व्हिडिओ कॉलमध्ये पाय दिसत नाहीत

परगावी किंवा परदेशी राहणारी बरीच मुलं आता रोज आई-वडिलांना पाहतात. फोन भिंतीला टेकवलेला असतो, वडील सोफ्यावर बसलेले असतात, आई मागून येऊन डोकावते. बोलणं होतं, जेवलात का विचारून होतं, आणि फोन बंद करताना वाटतं, ठीक आहेत. पण फोनमध्ये माणूस दिसतो तो छातीपर्यंत. सोफ्यावरून उठताना वडील टेबलाचा आधार घेतात की नाही, संडासात जाताना भिंतीला हात लावत जातात का, फ्रिजमध्ये दुधाच्या किती पिशव्या नुसत्याच साठल्या आहेत, हे त्या चौकटीत येत नाही. शिवाय लेकीने फोन केला की वडील ताठ बसतात. दहा मिनिटं बरं दिसणं कुठल्याही वयात जमतं.

म्हणून कधीतरी त्याच गावातल्या एखाद्या मित्राला सांगावं लागतं, बाबा रे, जरा आमच्या घरी जाऊन ये. पैसे देऊन ही सोय करता येते, हे खरं. पुण्या-मुंबईत घरी येऊन रक्तदाब तपासणाऱ्या, औषधांचे डबे भरून देणाऱ्या सेवा आहेत आणि ज्यांना परवडतं त्यांनी त्या जरूर घ्याव्यात. पण त्या सेवेतली नर्स तुमच्या वडिलांना पहिल्यांदा भेटते तीच ते एक्याऐंशीचे असताना. ते दर रविवारी पर्वतीच्या एकशेतीन पायऱ्या चढत, शब्दकोडं पेनने सोडवत, पाहुण्याला जिन्यापर्यंत सोडायला येत, हे तिला माहीत नसतं. जुन्या मित्राला माहीत असतं. आज ते कसे आहेत यापेक्षा आधी कसे होते आणि आता त्यात काय कमी झालंय, हे त्यालाच कळतं. शेजाऱ्यांनाही ते तितकं कळत नाही, कारण रोज पाहणाऱ्याच्या नजरेतून हळूहळू होणारा बदल निसटतो.

एक उदाहरण समोर ठेवू. ते कुणा एका घराचं नाही, अनेक घरांत घडतं ते एकत्र करून मांडलेलं आहे. आई-वडील पुण्यात कर्वेनगरला. वडील एक्याऐंशी वर्षांचे, टपाल खात्यातून निवृत्त, पेन्शन बँकेत जमा होते. आई त्र्याहत्तर. एकुलती एक लेक सिॲटलला. तिच्या कॉलेजमधला मित्र वारज्याला राहतो, स्कूटरवर पंधरा मिनिटांचं अंतर. पूर्वी तो त्या घरी रात्र रात्र अभ्यासाला असायचा, त्यामुळे काका-काकूंना नवखा नाही. ऑक्टोबरच्या अखेरीला वडिलांची रक्तदाबाची गोळी बदलली आणि लेकीला वाटलं, कुणीतरी प्रत्यक्ष पाहायला हवं.

इथे बहुतेक जण जे करतात ते म्हणजे फोन करून सांगतात, "अरे, अधूनमधून आईबाबांकडे चक्कर मारत जा ना." या वाक्यात सगळंच चुकलेलं आहे. अधूनमधून म्हणजे कधी, हे मित्राला कळत नाही, म्हणून तो जात नाही आणि न गेल्याची टोचणी मात्र त्याला लागून राहते. ते कधी संपणार हेही त्यात नाही. आणि समोरासमोर किंवा फोनवर विचारलं की माणूस हो म्हणतोच, नाही म्हणायला जीभ वळत नाही. माझं मत असं की ही विनंती लिहून करावी, त्याला एकट्याला करावी, कॉलेजच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नये. लिहिलेलं वाचून माणूस घरच्यांशी बोलतो, आपला महिना डोळ्यापुढे आणतो आणि मग उत्तर देतो. लेकीने लिहिलेला मजकूर साधारण असा असावा:

"अरे, एक काम सांगायचंय, आणि नाही म्हणायची पूर्ण मुभा आहे. बाबांची बीपीची गोळी बदललीय. फोनवर ते सगळं झकास सांगतात, पण माझी खात्री पटत नाही. मी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येतेय. तोपर्यंत पंधरा दिवसांतून एकदा, संध्याकाळी अर्धा तास घरी डोकावशील का? औषधं आणणं, बँक, दवाखान्याच्या फेऱ्या यातलं काही तुझ्याकडे नाही, ती सोय लावलेली आहे. चहा पिऊन ये आणि ते तुला कसे वाटले एवढं मला कळव. एकदा बाबांचा हयातीचा दाखला मोबाईलवर काढून दिलास तर फार बरं होईल. तुझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, हे लक्षात आहे. जमणार नसेल तर 'या वेळी नाही' एवढंच लिही, कारण मी विचारणार नाही. रविवारपर्यंत कळवलंस तरी चालेल."

यात अवधी ठरलेला आहे, किती वेळा आणि किती वेळ ते ठरलेलं आहे, आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही तेही लिहिलेलं आहे. मित्राला भीती असते ती अर्ध्या तासाची नसते. आज चहा, उद्या दवाखाना, परवा गळका नळ आणि मग रात्री-अपरात्री फोन, अशी यादी वाढत जाईल याची असते. ती भीती पहिल्याच निरोपात काढून टाकली तर होकार खरा येतो. काही गोष्टी मित्राकडे कधीच सोपवू नयेत. बँकेचे व्यवहार, एटीएमचा पिन, लॉकरची किल्ली, फ्लॅट विकायचा की नाही यावरची समजूत, भावाभावांतला निरोप्या होणं. यातलं एकही काम मैत्रीला पेलत नाही.

होकार आल्यावर पहिला फोन आई-वडिलांना. पुष्कळ घरांत तो होत नाही, मित्र 'सहज' टपकतो, आणि दुसऱ्या खेपेला वडील विचारतात, "तुला तिने पाठवलंय का?" म्हाताऱ्या माणसांना हे अचूक कळतं. खोटं उघडं पडलं की तो त्यांच्या लेखी लेकीचा हेर होतो आणि मग त्याला काहीही दिसत नाही, फक्त पोहे मिळतात. त्यापेक्षा सरळ सांगावं, पण कारण स्वतःच्या अंगावर घ्यावं: "बाबा, तुमचा दाखला काढायला तो येईल आणि मी येईपर्यंत महिन्यातून दोनदा चक्कर मारेल. मीच सांगितलंय त्याला. मला इथे काळजीने झोप लागत नाही." काळजी तुमची आहे, दुबळेपणा त्यांचा नाही, एवढा फरक वडिलांना पुरतो. कसबा पेठेत चुलतभाऊ असेल तर त्यालाही त्याच दिवशी कळवलेलं बरं, नाहीतर "आम्ही काय मेलो होतो का?" हे दिवाळीला ऐकावं लागतं.

हयातीच्या दाखल्याचं काम मी उगाच घातलेलं नाही. पेन्शनर जिवंत असल्याचा पुरावा दरवर्षी नोव्हेंबरात द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या ऐंशी ओलांडलेल्या पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय २०१४ साली सुरू झाली तेव्हा बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची बुबुळं लागत. वयानुसार बोटांवरच्या रेषा झिजतात, आणि एक्याऐंशीच्या माणसाचा अंगठा यंत्र पुन्हा पुन्हा नाकारतं. २०२१पासून चेहरा दाखवून दाखला काढता येऊ लागला आणि हे काम घरच्या सोफ्यावर आलं. मित्राने आपल्या अँड्रॉइड फोनवर AadhaarFaceRD आणि Jeevan Pramaan ही दोन ॲप घरूनच घालून न्यावीत. आधी त्याला स्वतःचा आधार क्रमांक आणि चेहरा देऊन 'ऑपरेटर' म्हणून नोंद करावी लागते, मग काकांची माहिती भरायची. त्यासाठी काकांनी आधार कार्ड, पेन्शनच्या आदेशाचा म्हणजे पीपीओचा क्रमांक, बँकेचं पासबुक आणि आधारशी जोडलेला मोबाईल जवळ ठेवावा. ओटीपी येईल तो काकांच्याच फोनवर, आणि तो त्यांनीच वाचून सांगावा. चेहरा टिपताना उजेड समोरून हवा, खिडकीकडे पाठ नको. सांगितल्यावर पापणी मिटायची. पेन्शन देणारी बँक निवडताना मात्र घाई करू नये. चुकीची निवडली तर दाखला निघतो, पण पोचायला हवा तिथे पोचत नाही. शेवटी मेसेजवर एक प्रमाण आयडी येतो, तो काकूंच्या वहीत लिहून ठेवायचा.

या सगळ्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्यात मित्राला जे दिसतं ते चौकशा करून दिसलं नसतं. पासबुक नेहमीच्या जागी होतं का? पीपीओचा क्रमांक शोधताना काका गोंधळले का? काकू त्यांना मधेच थांबवून स्वतः उत्तरं देत होत्या का? पतीचा विसराळूपणा झाकायची सवय अनेक बायकांना इतकी लागलेली असते की आपण झाकतोय हे त्यांनाही उमगत नाही.

चालण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. डॉक्टर वृद्धांची एक सोपी परीक्षा घेतात: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालत जायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. याला बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. मित्राने घड्याळ लावून बसायचं कारण नाही. बेल वाजवल्यावर काका दार उघडायला येतात आणि निघताना दारापर्यंत पोचवायला येतात, त्यात सगळं येतं. उठताना दोन्ही हात टेकावे लागतात का, वळताना थबकतात का, चालता चालता बोलायचं झालं तर थांबून बोलतात का. कपडे सैल झालेत का हेही तेव्हाच दिसतं. वजन उतरत असल्याचं पहिल्यांदा सांगतो तो घड्याळाचा पट्टा किंवा शर्टाची कॉलर.

वेळ पाचच्या पुढची धरावी आणि निघण्यापूर्वी फोन करावा, "काकू, येऊ का आत्ता?" काकू काहीतरी करायला घेणारच. पहिल्या खेपेला खावं, पुढच्या वेळी आधीच सांगावं की नुसता चहा घेईन. नाहीतर पाहुणा येणार म्हणून त्या दुपारची झोप सोडून ओट्याशी उभ्या राहतात. पण खाणं पूर्ण नाकारू नये. लेकीचा मित्र घरी आला आणि त्याला आपण काही दिलं, यात त्या घराची शान आहे. काकूंनी डब्यात चिवडा भरून दिला तर घ्यावा, आणि पुढच्या वेळी डबा रिकामा परत करू नये, हे कुणाला सांगायला नको.

आता आपल्या उदाहरणातली दुसरी खेप. पहिल्या वेळी काका ठणठणीत होते, दाखला निघाला, क्रिकेटवर गप्पा झाल्या. पंधरवड्याने मित्र गेला तर काका पेंगुळलेले. पायात पाय अडकल्यासारखे चालत होते. "तू कुठल्या गाडीने आलास?" हे त्यांनी दहा मिनिटांत तीनदा विचारलं. काकू म्हणाल्या, दोन-तीन दिवस झोप नीट नाही, अन्नावर वासना नाही, वयच झालंय आता. आदल्याच रात्री लेकीचा व्हिडिओ कॉल झाला होता आणि वडिलांनी तिला "झोप झाली नाही" एवढंच सांगितलं होतं.

इथे एक गोष्ट प्रत्येकाने माहीत करून घ्यावी. विसराळूपणा महिन्या-वर्षांनी वाढतो. दोन-तीन दिवसांत आलेला गोंधळ हा म्हातारपणाचा नसतो, त्यामागे बहुधा शरीरातलं काहीतरी ताजं कारण असतं: लघवीचा संसर्ग, छातीतला संसर्ग, पाणी कमी पडणं, नवं औषध. रक्तदाबाच्या कित्येक गोळ्यांमध्ये लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर टाकणारं औषध मिसळलेलं असतं. उतारवयात त्याने रक्तातलं सोडियम उतरू शकतं, आणि ते बहुतेक वेळा गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत. सोडियम साधारण १३५ ते १४५ असावं लागतं. ते बरंच खाली गेलं की माणूस पेंगतो, अडखळतो, बरळतो. घरच्या घरी मीठ-पाणी पाजून हे निस्तरू नये. ते किती वेगाने वाढवायचं यालाही मर्यादा आहेत, फार झपाट्याने वाढलं तर मेंदूला इजा होते, म्हणून हे काम डॉक्टरांचंच.

मित्राला हे वैद्यक माहीत असायची गरज नव्हती. "पंधरा दिवसांपूर्वी काका असे नव्हते" हे एक वाक्य त्याच्याजवळ होतं आणि ते त्याने त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोनवर सांगितलं, नवी गोळी सुरू झाल्याचंही सांगितलं. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी रक्त तपासायला लावलं, सोडियम ११८ निघालं, काकांना भरती करून घेतलं आणि तीन-चार दिवसांत ते पुन्हा क्रिकेटवर बोलू लागले.

त्या संध्याकाळी लेकीला विचारायला वेळच नव्हता. नोव्हेंबरात पुण्यात संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा सिॲटलला पहाटेचे साडेचार झालेले असतात. म्हणून मित्राला पाठवण्याआधीच एक कागद तयार हवा. त्यावर नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर, कुठल्या रुग्णालयात न्यायचं ते नाव, चालू औषधं आणि कुठलं औषध सोसत नाही ते, मेडिक्लेमचा क्रमांक, शेजारच्यांचा नंबर, मित्राचा नंबर आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. कागद घरात कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा आणि त्याचा फोटो मित्राच्या फोनमध्ये असावा. त्याला हेही आधीच सांगून ठेवावं की तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना किंवा बोलणं अडखळलं तर कुणालाही विचारत बसू नकोस, मला तर नाहीच नाही. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्यातला बराच वेळ "मुलीला विचारू का?" यात जातो. रुग्णालयातली अनामत रक्कम भरायला कोण, कुठल्या खात्यातून, हेही ठरलेलं असावं. मित्राने खिशातून पन्नास हजार भरावेत आणि मग मागायला संकोचावं, अशी वेळ आणू नये.

भेटीनंतर मित्र काय कळवतो, यावर पुढच्या भेटी ठरतात. चांगला मित्र जे सांगायचं ते काकांसमोरच बोलतो: "काका, गुडघा दुखतोय असं तिला सांगतो हं." काका म्हणतात, नको सांगूस, उगाच घोर लागेल. अशा वेळी धोका नसेल तर त्यांचं ऐकावं. आपल्या दुखण्याची बातमी कुणाला द्यायची हे ठरवायचा हक्क एक्याऐंशीव्या वर्षीही माणसाला असतो. धोका असेल तर सांगावंच, पण "मी हे सांगणार आहे" असं त्यांना बजावून.

इथवर सगळं नीट झालेलं मुलं एका फोनने बिघडवतात. मित्राने कळवलं की सकाळच्या गोळ्यांची पाकिटं तशीच पडलीयत, आणि लेकीने पाचव्या मिनिटाला घरी फोन लावून आवाज चढवला, "बाबा, तुम्ही गोळ्या घेत नाही म्हणे!" पुढच्या वेळी मित्राला पाणी मिळेल, पण गोळ्यांचा डबा दिसणार नाही. दोन दिवस थांबावं, बोलता बोलता आपणच विचारावं, "नवी गोळी कशी वाटतेय? पोटात जळजळ वगैरे?" बऱ्याचदा न घेण्याचं कारणही त्यातून बाहेर येतं. गोळी घेतली की दुपारी चक्कर येते, किंवा पाकीट फाडायला बोटांत जोर नाही.

आभाराचं म्हणाल तर ते त्याच दिवशी पोचायला हवेत, आणि त्यात मित्राने केलेली नेमकी गोष्ट असायला हवी. "तू होतास म्हणून" छापाची वाक्यं आणि हात जोडलेल्या चित्रांची रांग वाचून मित्राला अवघडल्यासारखं होतं, कारण एवढ्या मोठ्या ऋणाला उत्तर काय द्यायचं ते त्याला सुचत नाही. काका बरे होऊन घरी आल्यावर लेकीने लिहिलेलं पत्र मला असं आवडेल:

"बाबांनी तीनदा तेच विचारलं हे तुझ्या लक्षात आलं आणि तू वाट न बघता डॉक्टरांना फोन केलास. आदल्या रात्री मी त्यांच्याशी अर्धा तास बोलले होते, मला ते कळलं नव्हतं. आईने सांगितलं की तू भरतीच्या रात्री बारापर्यंत थांबलास आणि तिला घरी सोडून मग गेलास. घरी तुझ्या आईचं बघणारं त्या रात्री कोण होतं, हे मी नंतर विचारलं आणि वहिनींनी सगळं सांभाळल्याचं कळलं. त्यांनाही मी वेगळं लिहिते आहे. रिक्षा आणि औषधांचे बिलाप्रमाणे दोन हजार तीनशे चाळीस पाठवले आहेत. तो हिशेब आहे, आभार नव्हेत. उत्तर देऊ नकोस, झोप काढ."

पैसे आणि कृतज्ञता यांची अशी फारकत करणं फार गरजेचं आहे. खर्च झालेला पै न् पै त्याच दिवशी, बिलाबरहुकूम, काही न बोलता परत करावा. आभारादाखल मात्र रक्कम पाठवू नये. दोन हजारांच्या खर्चाला पाच हजार पाठवले की मित्राच्या त्या रात्रीला भाव लागतो. महागड्या भेटवस्तूंचंही तेच. परदेशातून आणलेलं घड्याळ पाहून मित्राच्या घरी पहिला प्रश्न येतो, आता आपण यांना काय द्यायचं? त्याच्या घरात ज्याची संध्याकाळ गेली तिची आठवण ठेवणं, त्याच्या आईला आठवणीने फोन करून गुडघ्याची चौकशी करणं, त्याच्या मुलाला परदेशी शिक्षणाचा अर्ज भरायचा असेल तर दोन रात्री बसून तो वाचून देणं, ही परतफेड त्याला घेता येते. आणि जानेवारीत पुण्याला आल्यावर त्याला डेक्कनच्या हॉटेलात जेवायला बोलावू नये. आपण वारज्याला जावं, पहिल्या आठवड्यात, नातेवाइकांच्या फेऱ्या सुरू व्हायच्या आत. आई-वडिलांना त्यांच्या परीने काही द्यायचं असेल तर मध्ये पडू नये. काकूंनी संक्रांतीला स्वतः लाटलेल्या गुळपोळ्यांचा डबा मित्राला पोचला, तर त्यात लेकीचं काही नसावं. ते त्या तिघांतलं असतं.

राहिला प्रश्न ही व्यवस्था थांबवायचा. तो मित्रावर सोडला तर तो कधीच थांबवत नाही, फक्त हळूहळू फोन उचलायला उशीर करू लागतो. जानेवारीत लेक आली की तिनेच म्हणावं, "आता मी महिनाभर इथे आहे, तुझी जबाबदारी संपली. पुढचं मी नव्याने ठरवीन आणि तुला विचारायचं झालं तर नव्याने विचारीन." पुढे विचारल्यावर तो कदाचित म्हणेल, या वेळी जमणार नाही, आईचा दुसरा गुडघाही करायचाय. त्यावर "काही हरकत नाही, तू केलंस तेच खूप" एवढं म्हणून विषय खरोखरच सोडावा, महिन्याने पुन्हा चाचपडू नये. आई-वडिलांनाही सांगावं, म्हणजे ते गुरुवारी पाच वाजता दाराकडे बघत बसणार नाहीत. आणि कपाटाच्या आतला तो कागद बदलावा. मित्राचा नंबर खोडून तिथे चुलतभावाचा, शेजाऱ्यांचा किंवा एखाद्या सेवेचा लिहावा, नाहीतर रात्री दोनला काकू घाबरून फोन लावतील तो वारज्यालाच, आणि तिथे त्या वेळी मित्र आपल्या आईच्या उशाशी रुग्णालयात असेल.